आडवा छेद : अनोळखी फळाचे कूळ ओळखताना

अंबा नदीच्या काठी पेण आणि रोहा यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या नागोठण्याच्या बाजारात पावसाळ्यात डोंगरपट्टीतल्या ठाकर आणि कातकरी बाया करटोली, शेवळे, भारंगी, कुड्याच्या शेंगा अशा रानभाज्या घेऊन बसतात, आणि त्या भागात वाढलेल्या माणसाला या भाज्या ओळखण्यासाठी क्षणभरही थांबावे लागत नाही. ही ओळख पक्की असली तरी ती अखंड रूपाची ओळख असते. करटोलीचे करटोलीपण नेमके कशात आहे, तिच्या काट्यांत, टोकात, देठात की आतल्या बियांत, असे कुणी विचारले तर उत्तर चटकन देता येत नाही, कारण तसे वेगळे करून पाहण्याची गरजच कधी पडलेली नसते. हाच माणूस सिंगापूरच्या टेक्का बाजारात किंवा बँकॉकच्या एखाद्या मंडईत उभा राहिला, की त्याला फणसासारखे दिसणारे पण फणस नसलेले आणि करटोलीसारखे दिसणारे पण खरबुजाएवढे मोठे असे काहीतरी समोर दिसते आणि अखंड रूपाची ओळख अपुरी पडते. अशा वेळी फळाचे भाग सुटे करून पाहावे लागतात, आणि या प्रकरणात त्या पाहण्याची रीत मांडली आहे.

फळ म्हणजे फुलाचे पुढचे रूप. फुलाच्या मध्यभागी जो फुगीर भाग असतो आणि ज्याच्या आत पुढे बिया धरतात, त्याला वनस्पतिशास्त्रात किंजपुट म्हणतात; हा किंजपुट एका किंवा अनेक घटकांच्या जुळणीने बनतो आणि त्या प्रत्येक घटकाला किंजदल असे नाव आहे. फळ कितीही फुगले, त्याची साल काटेरी झाली किंवा गुळगुळीत राहिली, रंग हिरव्याचा तांबडा झाला, तरी किती किंजदले जुळली होती आणि बिया कोठे चिकटल्या होत्या ही मूळची मांडणी बहुधा बदलत नाही. साल, आकार आणि रंग यांत मात्र एकाच जातीच्या दोन झाडांमध्येही मोठा फरक पडतो. म्हणूनच फळाचे कूळ ठरवताना आतल्या मांडणीवर भिस्त ठेवायची आणि कूळ ठरल्यावर जात ठरवताना पुन्हा सालीकडे यायचे, हा क्रम उपयोगी ठरतो. नवखा माणूस नेमका उलट क्रमाने जातो आणि सालीवरून नाव ठरवून मोकळा होतो.

मांडणी दिसते ती आडव्या छेदात. देठापासून टोकापर्यंत जाणारी एक कल्पित रेषा धरली आणि तिला काटकोनात, फळाच्या साधारण मध्यावर सुरी चालवली, की आडवा छेद मिळतो. काकडीची चकती पाहिली तर तिच्यात तीन वाटे स्पष्ट दिसतात, भेंडीच्या चकतीत बहुधा पाच कप्पे दिसतात, आणि या तीन व पाच या आकड्यांमागे त्या त्या कुळातील किंजदलांची संख्या असते. उभ्या छेदात हे काही कळत नाही, कारण उभी सुरी एखाद्याच कप्प्यातून जाते आणि बाकीचे कप्पे अर्ध्या फोडीत लपून राहतात. दुकानातल्या फळ्यांवर आणि जाहिरातींमध्ये मात्र देखणा दिसतो म्हणून उभा छेदच जास्त दाखवलेला असतो, आणि तेवढ्यावरून फळ ओळखायला निघालेल्याची तिथेच फसगत होते.

कापलेल्या फळाचे चित्र ही ओळखीची फार जुनी साधनसामग्री आहे. कोचीचे डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यांनी सिद्ध करवलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात 12 खंडांत प्रसिद्ध झाला, आणि त्यातील चित्रांमध्ये फांदी, पान, फूल यांच्या जोडीला अनेक ठिकाणी फळ आणि त्याचा छेदही दाखवलेला आहे. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे साह्य या कामाला लाभले होते आणि चित्रांवर झाडांची कोंकणी नावे नागरी लिपीत कोरलेली आहेत. पुढे योजेफ गेर्टनर या जर्मन अभ्यासकाने 1788 पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात फळे आणि बिया यांचेच छेद शेकड्यांनी रेखाटले. आज खिशातल्या फोनने जे छायाचित्र काढले जाते त्याचे काम तेच आहे, फक्त ते काढणाऱ्याला काय दाखवायचे हे ठाऊक असायला हवे.

सिंगापुरात हंगामात ड्युरिअन, फणस आणि चंपेडाक ही तीन फळे शेजारी शेजारी मांडलेली दिसू शकतात. तिन्ही मोठी, तिन्ही खडबडीत सालीची, तिन्हींच्या आत पिवळसर गरे आणि गऱ्यांत बिया. कोकणातून आलेला माणूस तिन्हींना फणसाचे प्रकार समजला तर त्यात नवल नाही. मात्र आडवा छेद घेतला की ड्युरिअन ताबडतोब बाजूला पडते. त्याच्या छेदात जाड, पांढरट भिंतींनी वेगळे केलेले बहुधा पाच कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात मलईच्या रंगाच्या गराची एक सलग लांबट लोळी असते, जिच्यात एकामागे एक बिया असतात. हे एका फुलाचे, पाच किंजदलांचे फळ आहे. ते पिकल्यावर कप्प्यांच्या मधोमध जाणाऱ्या रेषांवर उकलते आणि विक्रेते सुरीचे टोक त्याच रेषेत घालून ते फोडतात. पाच कप्प्यांची ही रचना भेंडीच्या चकतीशी जुळते हा योगायोग नव्हे, कारण आजच्या वर्गीकरणात ड्युरिअन आणि भेंडी एकाच कुळात येतात. आपल्याकडची काटेसावरही त्याच कुळातली आहे आणि तिचेही बोंड पाच भागांत उकलते.

फणसाचा छेद याच्याहून मुळातच वेगळा असतो. त्यात भिंतींचे कप्पे नसतात. मध्यभागी देठापासून खाली गेलेला एक जाड, पांढरा, चिकाळ दांडा असतो आणि त्याच्याभोवती सर्व बाजूंनी गरे आणि गऱ्यांच्या मधल्या चपट्या पाती बाहेरच्या सालीपर्यंत पसरलेल्या असतात. याचे कारण असे की फणस हे एका फुलाचे फळच नव्हे. एकाच दांड्यावर दाटीने बसलेल्या शेकडो बारीक मादी फुलांचा तो समूह आहे, आणि ज्या फुलात बी धरले त्याचा गरा झाला, ज्यात धरले नाही त्याची पात राहिली. सालीवरचा प्रत्येक बोथट काटा हा अशा एकेका फुलाचा बाहेरचा शेंडा असतो. हे एकदा ध्यानात आले की साल पाहूनही फणस आणि ड्युरिअन वेगळे करता येतात: फणसाचे काटे बुटके, बोथट आणि जवळजवळ सारखे असून त्यांत एक प्रकारची नियमितपणे भरलेली दाटी दिसते, तर ड्युरिअनचे काटे लाकडासारखे टणक, रुंद बुडाचे आणि हाताला रुतणारे असतात. तिसरी खूण चिकाची. फणस कापताच पांढरा चीक सुरीला चिकटतो आणि कोकणात त्यासाठी हाताला खोबरेल लावून बसतात. ड्युरिअनला असा चीक नसतो. सालीचा फोटो आणि छेदाचा फोटो यांच्याबरोबर देठाच्या ताज्या कापाचाही एक फोटो घेतला, तर हा चीक त्यात दिसतो आणि फणसाच्या कुळाबद्दल शंका राहत नाही.

चंपेडाकपाशी मात्र आडवा छेद थांबतो. चंपेडाक फणसाच्याच प्रजातीतले आहे, त्याचीही फळे समूहफळेच आहेत, त्यालाही चीक आहे, त्यामुळे छेदात मधला दांडा आणि भोवतीचे गरे हीच मांडणी दिसते. येथे आकार आणि साल यांच्याकडे परत यावे लागते. चंपेडाक फणसापेक्षा बरेच लहान आणि बहुधा लांबट दंडगोलाकार असते, गरे बरक्या फणसासारखे मऊ असतात, वास अधिक उग्र असतो, आणि पिकलेल्या फळाची साल उभी चिरून बाजूला केली की देठ धरून गऱ्यांचा सगळा घोस दांड्यासह एकाच वेळी बाहेर ओढता येतो. यातले वास आणि हा घोस ओढणे फोटोत येत नाही. त्यामुळे केवळ छायाचित्रावरून काम करणाऱ्याने इतकेच म्हणावे की हे फणसाच्या प्रजातीतले लहान फळ आहे, आणि बाजारात उभ्या असलेल्याने विक्रेत्याला ते उघडून दाखवायला सांगावे.

दुसरे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात नागोठण्याच्या पावसाळी बाजारातली करटोलीच मार्गदर्शक ठरते. बँकॉक किंवा हनोईच्या मंडईत नारिंगी-तांबड्या रंगाचे, गोल किंवा लांबट, वरून बोथट काट्यांनी भरलेले आणि दोन्ही हातांत धरावे लागेल एवढे फळ ठेवलेले असते, असे समजू. पहिल्या नजरेत ते किवानो म्हणजे आफ्रिकेतले शिंगाळे खरबूज वाटू शकते, कारण तेही पिकल्यावर नारिंगी आणि काटेरी असते आणि परदेशातल्या मोठ्या दुकानांत तेच अधिक वेळा दिसते. तपासणी टोकांपासून सुरू करावी. देठाच्या बाजूला फुलाच्या हिरव्या पाकळ्यांचा, म्हणजे संवर्ताचा, अवशेष दिसत नाही. उलट देठाच्या समोरच्या टोकाला फूल गळल्याचा वण दिसतो. वांग्याची टोपी देठाकडे असते आणि पेरूचा तुरा समोरच्या टोकाला असतो, हा फरक प्रत्येक घरात रोज दिसतो, पण त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे: वांग्यात किंजपुट फुलाच्या इतर भागांच्या वर बसलेला होता, पेरूत तो त्यांच्या खाली होता. समोरच्या टोकाला वण असल्यामुळे हे फळ दुसऱ्या गटात जाते आणि काकडीचे संपूर्ण कूळ याच गटात मोडते.

आता छेद. काट्यांच्या सालीखाली फिकट नारिंगी, भुसभुशीत गराचा जाड थर दिसतो, तो खाण्यासाठी सहसा वापरत नाहीत. त्याच्या आत मध्यभागी गडद तांबड्या, तेलकट चकाकीच्या खोळींत गुंडाळलेल्या मोठ्या बियांचा पुंजका असतो. या बिया तीन गटांत मांडलेल्या दिसल्या, तर काकडीच्या कुळाचा संशय पक्का होतो, कारण त्या कुळात बहुधा तीन किंजदले असतात आणि बिया सालीकडून आत वळलेल्या तीन पट्ट्यांवर धरतात. आता प्रजात ठरवायची असते आणि येथे बियांभोवतीची तांबडी खोळ निर्णायक ठरते. वेलावर पिकून नारिंगी झालेले आणि आपोआप उकललेले कारले ज्याने पाहिले असेल त्याला बियांवरचा तांबडा, गोडसर, चिकट गर आठवेल. करटोली फार पिकली की तिच्याही आत असाच तांबडा गर दिसतो. कारले, करटोली आणि हे मोठे फळ तिन्ही मोमॉर्डिका या एकाच प्रजातीतली आहेत आणि बीवरची ही रंगीत खोळ त्या प्रजातीची मोठी खूण आहे. किवानो काकडी-खरबुजाच्या प्रजातीतला आहे; त्याच्या छेदात हिरवट, जेलीसारखा पारदर्शक गर आणि त्यात काकडीच्या असतात तशा चपट्या, फिकट, गुळगुळीत बिया दिसतात, तांबडी खोळ कोठेही नसते. शिवाय किवानोची शिंगे एकमेकांपासून दूर आणि लांब असतात, तर समोरच्या फळाचे काटे आखूड आणि दाट आहेत. शेवटची खात्री म्हणून एक बी पाण्याने धुऊन सालीजवळ ठेवून फोटो घ्यावा: मोमॉर्डिकाच्या या जातीची बी चपटी, काळपट तपकिरी, कडेला दातेरी आणि पृष्ठावर नक्षीदार असते, आणि चिनी औषधशास्त्रात तिला लाकडी कासवाचे बी म्हणतात ते याच रूपामुळे.

हे फळ व्हिएतनामात गाक आणि थायलंडमध्ये फक खाव या नावाने विकले जाते. पोर्तुगीज अभ्यासक लौरेइरो यांनी 1790 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोचिनचायनाच्या वनस्पतींवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले होते. व्हिएतनामात या तांबड्या खोळींचा लगदा चिकट तांदळात मिसळून लग्नकार्याला आणि चांद्र नववर्षाला लाल भात करतात. लाल रंगाचे कारण म्हणजे खोळीत भरपूर असलेले बीटा-कॅरोटीन आणि टोमॅटोतही असणारे लायकोपिन ही रंगद्रव्ये. थायलंडमध्ये त्याची कोवळी हिरवी फळे भाजीसाठी वापरतात, आणि त्या अवस्थेत ते करटोलीच्या इतके जवळ जाते की आकार सोडला तर फरक सांगणे कठीण होते. बिया मात्र खात नाहीत. कोवळ्या फळाच्या छेदात तांबडी खोळ तयार झालेली नसल्यामुळे वर मांडलेली सर्वांत बळकट खूण तेथे मिळत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. कच्च्या फळावरून प्रजातीपर्यंत पोहोचता येते, जातीपर्यंत बहुधा नाही.

कोकम ज्याच्या परसात आहे त्याला मँगोस्टीन ओळखणे याहून सोपे जाते. जांभळ्या जाड सालीच्या या फळाच्या देठाशी चार जाड हिरव्या पाकळ्यांची टोपी टिकून असते, म्हणजे वांग्यासारखीच मांडणी. आणि समोरच्या टोकाला चपट्या फुलाच्या आकाराची एक कडक नक्षी असते. ही नक्षी म्हणजे किंजपुटाचा परागकण झेलणारा शेंडा, आणि तिच्यातल्या पाकळ्या मोजल्या की आत किती पांढऱ्या फोडी निघणार हे फळ न कापता सांगता येते, कारण एकेक पाकळी एकेका किंजदलाची असते. कोकमाच्या टोकाला अशीच, फक्त बारीक, खूण असते. सालीला नख लावले की दोन्ही फळांतून पिवळसर चीक येतो. छेद न घेताही खात्री देणारी अशी फळे मोजकीच असतात, आणि म्हणून फळ हाती आले की कापण्याआधी त्याची दोन्ही टोके नीट पाहावीत.

या उदाहरणांतून फोटो किती आणि कशाचे घ्यावेत हे आपोआप ठरते. संपूर्ण फळाचा बाजूने एक, ज्यात मापासाठी नाणे किंवा हात शेजारी ठेवलेला असेल. देठाच्या टोकाचा एक. समोरच्या टोकाचा एक. आडव्या छेदाचा वरून, कॅमेरा छेदाच्या पातळीला समांतर धरून एक. आणि धुतलेल्या बीचा एक. छेदाचा फोटो कापल्याबरोबर घ्यावा, कारण अनेक फळांचा गर हवेत काळवंडतो आणि मग भिंती आणि गर यांच्यातला फरक पुसला जातो. फ्लॅश वापरला तर ओल्या पृष्ठभागावर पांढरे डाग पडतात, म्हणून सावलीतला दिवसाचा उजेड उत्तम. सुरी बोथट असेल तर मऊ गर दबून बिया जागच्या हलतात आणि तीनचे पाच दिसू लागतात. बाजारात स्वतः कापता येत नसेल तर विक्रेत्याने अर्धे करून ठेवलेले फळ शोधावे, पण ते आडवे कापले आहे की उभे, हे आधी पाहावे.

छेदाची आणखी एक मर्यादा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना थेट भेटते. पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी दुकानांत गोठवलेले काकरोळ मिळते, आणि पावसाळ्यातल्या करटोलीची आठवण झालेले कुणी ते करटोली म्हणूनच घेऊन येते. काट्यांची ठेवण, तीन वाटे, पांढरट गर आणि कोवळ्या बिया, सगळे जुळते. तरी काकरोळ ही त्याच प्रजातीतली वेगळी जात आहे. तिचे फळ करटोलीच्या मानाने बरेच मोठे असते, आणि खरा फरक फुलात दिसतो: करटोलीचे लहान पिवळे फूल संध्याकाळी उमलते, तर काकरोळचे मोठे, मध्याशी गडद डाग असलेले फूल सकाळी. गोठवलेल्या पाकिटात फूल नसते. अशा ठिकाणी मोठेपणावरून अंदाज बांधावा आणि शिजवताना गर अधिक आणि चव सौम्य असेल हे गृहीत धरावे.

याहून गंभीर मर्यादा खाण्यायोग्यतेची आहे. लंडनच्याच कॅरिबियन बाजारपेठांत ॲकी हे फळ सहसा डब्यात मिळते, पण ताज्या रूपात कोठे दिसले तर त्याची ओळख छेदाने अगदी सहज पटते: तांबडी-पिवळी साल, तीन वाटे, प्रत्येकात एक चकचकीत काळे बी आणि त्याच्या बुडाशी मलईरंगी गर. हे रिठ्याच्या आणि लिचीच्या कुळातले आहे. परंतु कच्च्या ॲकीत हायपोग्लायसिन नावाचे विष असते, ज्याने रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरते, आणि फळ झाडावर आपोआप उकलल्यावरच त्याचा गर खाण्यासाठी घेतात. फळ स्वतः उकलले की कुणी सुरीने उघडले, हे छेदाच्या फोटोत दिसत नाही. ते झाडावरून कधी आणि कसे उतरवले, हे विकणाऱ्याकडूनच समजून घ्यावे लागते.